नागाच्या टाळूतली दोन भोकं

सापघरात येणारा प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलायचा. काचेला नाक लावायचा, पोराला वर उचलायचा आणि ओरडायचा, "बघ बघ, जीभ काढतोय! आता डसणार!" नोकरीच्या सुरुवातीला मी मध्ये पडायची. अहो, जिभेनं साप डसत नाही, जिभेत विष नसतं, तुमच्या-आमच्या जिभेएवढंही वाईट तिच्यात काही नसतं. लोक माझ्याकडं अशा नजरेनं बघायचे, जणू सापांनी मला वकीलपत्र दिलंय. मग सोडून दिलं. पालथ्या घड्यावर पाणी किती ओतायचं?

मी जनावरांची डॉक्टर. शहराचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं. तिथल्या एका बागेत हरणं, माकडं, मोर आणि एक लहानसं सापघर होतं आणि त्यांच्या दुखण्याखुपण्याचं काम माझ्याकडं होतं. वडीलही याच पेशातले, पोलीस ॲक्शनच्या आधी निजामाच्या चाकरीत घोड्यांचे नाल आणि बैलांची खुरं बघणारे. त्यांनी मला शिकवलं, पण साप त्यांनाही आवडायचे नाहीत. सासूबाई तर शेजारणींना सांगायच्या, "सूनबाई गुरांच्या दवाखान्यात असते." साप हा शब्द त्यांनी मरेपर्यंत तोंडातून काढला नाही. मला मात्र सापांचं बरं वाटायचं. ओरडत नाहीत, चाटत नाहीत, डॉक्टर आली म्हणून शेपूट हलवत नाहीत.

एका वर्षीची गोष्ट आहे. पितृपक्ष चालू होता. सापघराचा रखवालदार, माझ्याच वयाचा, बोलायला फटकळ माणूस, धापा टाकत आला.

"बाई, मागल्या दाराला एक गारुडी उभा हाय. टोपली हाय संगं. हाकलू का?"

तोपर्यंत सापाच्या खेळांवर बंदी आली होती. गारुडी दिसला की वनखात्याची माणसं टोपली काढून घ्यायची. त्यामुळं एखादा गारुडी आपल्या पायानं आमच्या दाराशी येतो, म्हणजे काहीतरी फार बिघडलेलं असणार. मी गेले.

म्हातारा होता. मळकं मुंडासं, एका डोळ्यात मोतीबिंदूची साय. त्याच्या मागं त्याची लेक उभी होती, पोट पुढं आलेलं, आठवा लागलेला असावा. दोघं छावणीच्या पलीकडच्या पालांवरून चालत आले होते. तिचे पाय सुजलेले होते, पण बसायला सांगितलं तरी बसेना.

"डाक्टरबाई, फारेस्टवाल्यास्नी सांगू नका," म्हाताऱ्यानं टोपली जमिनीवर ठेवून हात जोडले. "देव जेवंना झालाय. कायच खात नाय. उंदीर दिला, बेडूक दिला, अंडं दिलं. नुसता जीभ काढतो नि तोंड फिरवतो. आवस जवळ आली. काय बी करा, पण त्याला जेवू घाला."

"कसली अमावास्या?" मी विचारलं.

त्यानं सांगितलं ते असं. त्यांच्या घराण्यात नाग धरताना त्याला हात जोडून शब्द देतात. त्याला ते वायदा म्हणतात. पंचमीपुरता तू माझ्या घरचा पाहुणा. दिवाळीच्या अमावास्येच्या आत तुला जिथनं धरला तिथंच नेऊन सोडीन. आणि सोडायच्या आधी जेवू घालीन, उपाशी पाठवणार नाही. हा नाग त्यानं खुलताबादेकडच्या एका शेताच्या बांधावर धरला होता. पंचमी होऊन गेली होती. खेळासाठी शिवलेल्या तोंडाचे टाके त्यानं कापले होते. आता फक्त जेवण राहिलं होतं.

"आन् नाय जेवला तर?" रखवालदारानं विचारलं.

लेकीनंच सांगितलं, खाली बघत. पूर्वी एकदा त्याच्या हातून वायदा मोडला होता. नाग टोपलीतच मेला. त्या वर्षी तिचं पहिलं बाळ मेलेलंच जन्मलं. पुढच्या खेपेचंही गेलं. आता ही तिसरी खेप.

"माझ्या शब्दाचं पाप हिच्या पोटावर पडतंय बाई," म्हातारा म्हणाला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

मी शिकलेली बाई. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. मी तिला आधी सरकारी दवाखान्यात नाव घातलंस का, असं दरडावून विचारलं. घातलं होतं, बरं झालं. मग टोपली उघडायला लावली.

नाग मोठा होता, पण पाठीची हाडं वर आलेली, कातडी सैल. फणा काढला तोही अर्धाच. जीभ मात्र सारखी आतबाहेर चालू होती. बाहेर यायची, दोन टोकं फाकायची, वरखाली हलायची, आत जायची. साप जीभ काढायला तोंड उघडत नाही. वरच्या ओठाला मध्ये बारीकशी खाच असते, तिथून ती येते. गारुडी तोंड शिवतात तेव्हा नेमकी ती खाच मोकळी ठेवतात, कारण जीभ हलली नाही तर बघणाऱ्यांना मजा येत नाही. शाबास रे! खाणं बंद, पण जीभ चालू!

रखवालदारानं डोकं धरलं आणि मी लाकडी चमच्यानं तोंड उघडलं. वास आला. खालच्या जबड्यात पू, वर पुढच्या बाजूला विषाचे दात नाहीत आणि दातांच्या जागेपासून आत टाळूपर्यंत एक काळपट, चरचरून भाजलेला पट्टा.

"हे काय केलंत?"

"दात उपटले तरी परत येतात बाई. म्हून बाप सुई लाल करून लावायचा. आमी बी तसंच करतो. औंदा नजर कमी झालीया. हात जरा हालला."

आता माझा तोल गेला. हात जरा हालला! मी त्याला काय काय बोलले ते आज लिहवत नाही. देव म्हणता, हात जोडता, पाहुणा म्हणता, आणि पाहुण्याच्या तोंडात लाल सुई? तुमच्या घरी पाहुण्याचा असाच पाहुणचार होतो का? म्हातारा मान खाली घालून ऐकत राहिला. लेक शेवटी भिंतीला टेकून बसली. मग मी थांबले.

थांबले तेही फक्त तिच्याकडं बघून. कारण माझ्या लक्षात आलं होतं ते अजून त्यांना सांगायचं होतं.

मी म्हटलं, "बाबा, साप जीभ का काढतो, ठाऊक आहे?"

"वारा चाखतो," म्हातारा म्हणाला. "आमी तसंच म्हनतो."

"बरोबर. पण जिभेला चव नसते त्याच्या. जीभ नुसती आणते. हवेत, जमिनीवर उंदराचा, बेडकाचा, दुसऱ्या सापाचा वास पडलेला असतो, म्हणजे त्याचे डोळ्यांना न दिसणारे कण. ते ओल्या जिभेला चिकटतात. जीभ आत गेली की ते कण इथं पोचतात." मी माझं तोंड उघडून टाळूच्या पुढच्या भागाला बोट लावलं. "इथं सापाला दोन बारीक भोकं असतात. भोकांच्या वर वास ओळखायची जागा असते. नाकाहून वेगळी. नाक सांगतं, काहीतरी आहे. जीभ आणि ही भोकं सांगतात, उंदीर आहे, आणि या अंगाला आहे."

"दोन कशाला?" लेकीनं विचारलं. पहिल्यांदाच ती माझ्याशी मान वर करून बोलली.

"जिभेला टोकं दोन आहेत म्हणून. एक टोक डावीकडचा वास घेतं, एक उजवीकडचा. डावीकडं जास्त लागला की साप डावीकडं वळतो. आपल्याला दोन कानांनी आवाज कुठून आला ते कळतं ना, तसं."

"मंग ह्याला कळत नाय का?"

"तिथं भाजलंय," मी म्हणाले. "किती आत गेलंय ते जखम भरल्याशिवाय सांगता येणार नाही."

नाग मी ठेवून घेतला. वनखात्याला कळवलं नाही. कळवलं असतं तर म्हातारा तुरुंगात आणि नाग कुठल्यातरी गोदामात गेला असता, कुणाचंच भलं झालं नसतं. मागल्या खोलीत एक पेटी होती, तिच्यात त्याला ठेवला. रोज तोंड धुवायचं, पू काढायचा, औषध लावायचं, इंजेक्शन द्यायचं. आणि काही दिवसांआड पातळ रबरी नळी घशातून खाली सारून फेटलेलं अंडं पाजायचं. रखवालदार डोकं धरायचा आणि तोंडानं चालू असायचं, "नागोबाचं बाळंतपण करतोय आमी. डिंकाचे लाडू तेवढे राह्यले." पण हात कधी सैल पडू दिला नाही.

म्हातारा रोज यायचा. मागल्या दाराशी उकिडवा बसायचा. कधी रुमालात गुंडाळलेला बेडूक आणायचा, कधी उंदीर. लेकीला मी येऊ नको म्हटलं होतं, तरी ती अधूनमधून यायचीच. तिला माझ्या बाकड्यावर बसवून मी चहा द्यायची. ती सांगायची, आज पोटात लई हललं. दुसऱ्या दिवशी सांगायची, आज हललंच नाय. मग मी तिचा हात धरून बसायची. दवाखान्यात जा म्हणायची. काय करणार, मी म्हशींची डॉक्टर!

तोंड भरून आलं. पू गेला. अंगावर चमक आली, फणा पुरता उघडायला लागला. रखवालदार खूश. म्हातारा तर इतका खूश की मला "आई" म्हणायला लागला. म्हातारा माझ्या वडिलांच्या वयाचा, आणि मी त्याची आई. पण खाणं काही होईना. पेटीत उंदीर सोडला की हलतंय म्हणून नाग फणा काढायचा, फुत्कारायचा. उंदीर कोपऱ्यात बसला की नाग खाली व्हायचा. मेलेला उंदीर तोंडापाशी ठेवला की जीभ भराभरा चालायची, नेहमीपेक्षा कितीतरी जलद. त्याच्या नाकाला काहीतरी लागत होतं आणि ते काय आहे हे तो जिभेला विचारत होता. मग तो उंदराच्या अंगावरून सरपटत पुढं निघून जायचा.

"दात नायत म्हून खात नसंल," रखवालदार म्हणाला.

"धामणीला कुठं विषाचे दात असतात? ती खाते की."

"मंग दावा," म्हातारा म्हणाला. "तुमी म्हनता ते मला डोळ्यानं दावा. तवा मी मानंन."

त्याचं चुकलं नव्हतं. मी तरी तेच मागितलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागल्या खोलीतलं सगळं सामान बाहेर काढलं. फरशी धुवून वर बारीक वाळू पसरली. एक मेलेला उंदीर दोरीला बांधून मी तो दारापासून आत ओढत नेला, सरळ नाही, भिंतीपाशी मुद्दाम एक मोठं वळण घेऊन, आणि पलीकडच्या कोपऱ्यात विटेमागं लपवला. म्हातारा, लेक आणि रखवालदार खिडकीबाहेर उभे राहिले. आधी आमच्या सापघरातली धामण सोडली. ती घाबरली, भिंतीला लागली, थोडा वेळ नुसती पडून राहिली. मग जीभ बाहेर आली. दोन्ही टोकं वाळूला टेकली. ओढलेल्या वाटेवर आल्यावर तिचं डोकं खाली गेलं आणि ती निघाली. वळणापाशी ती जरा बाहेर गेली, डोकं इकडं-तिकडं फिरवलं, जिभेनं दोन्ही बाजू चाचपल्या, आणि वळली. विटेमागं गेली आणि उंदीर तोंडात धरला.

म्हाताऱ्यानं "वा!" म्हटलं. गारुड्याचा जन्म घेऊन त्यानं हे कधी बघितलं नव्हतं. त्याचे साप टोपलीतच असायचे, वाटेनं चालायची पाळी त्यांच्यावर येत नव्हती.

वाळू बदलली. दुसरा उंदीर तसाच ओढला. नाग सोडला.

तो डौलात आला. काय देखणं जनावर होतं! आम्हीच सुधारलेलं. दारापाशी थांबला, जीभ काढली. वाट त्याच्या अगदी पुढ्यात होती. त्यानं जीभ वाळूला लावली. आत घेतली. परत लावली. परत घेतली. मग वाट ओलांडून तो सरळ भिंतीकडं गेला. भिंतीनं फिरून परत आला, वाट परत ओलांडली, जीभ चालूच. एकदा तर विटेशी आला. उंदराचं शेपूट त्याच्या गळ्याखाली होतं. जीभ इतकी जोरात चालली की मी मनात म्हटलं, ओळख रे बाबा, ओळख. त्यानं तोंड फिरवलं.

खिडकीतून म्हातारा हळूच म्हणाला, "इचारतोय तर सारखा."

"हो. पण आतून कुणी सांगत नाही," मी म्हणाले. "भोकं बुजलीत. जखमेचा वण धरलाय तिथं. ती आता उघडायची नाहीत."

त्या बाकड्यावर बसून आमचं बोलणं झालं. मी सरळ सांगितलं. इथं ठेवला तर नळीनं पाजून मी त्याला वर्षानुवर्षं जगवीन. बांधावर सोडला तर तो उपाशी मरेल. सगळीकडं उंदीर असतील आणि तो त्यांच्या वासातून फिरत राहील. म्हाताऱ्यानं डोक्याला हात लावला. ठेवला तर वायदा मोडतो, सोडला तर पाहुणा मरतो. इकडं आड, तिकडं विहीर.

"पर वायद्यात मरायचं कुटं हाय?" तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "जेवू घालून सोडायचं, येवडंच हाय. पुडलं त्येचं नशीब."

"बाबा, नशिबावर घालू नका. सुई तुम्ही लावलीत," मी म्हणाले.

तेव्हा लेक बोलली. पोटावर हात ठेवून, बापाकडं न बघता. "त्याला हितंच राहू द्या. कुनाला उपाशी मारून माझं पोर नको जगायला."

"गप बस!" म्हातारा तिच्यावर ओरडला. "दोन पुरलीत मी ह्या हातानं. तुला काय ठावं?"

तिला ठाऊक नसेल तर कुणाला? ती दोन्ही तिचीच तर होती. पण त्या क्षणी मला त्याचा राग धरता येईना. लेकरं पुरलेल्या माणसाशी टाळूच्या भोकांवरून वाद कसा घालायचा, हे कुठल्या कॉलेजात शिकवतात?

नाग इथंच राहणार, असं मी ठरवून टाकलं आणि पेटीला कडी घातली. कुलूप घातलं नाही. आमच्याकडं सापाच्या पेटीला कुलूप घालत नव्हते, चोरणार कोण?

दिवाळीच्या तोंडावर छावणीतून निरोप आला, एक म्हैस अडली होती. रेडकाचा पाय आत मुडपला होता. मी सकाळीच गेले, खांद्यापर्यंत हात घालून रेडकू फिरवलं, दुपारी परत आले. हात धुवायला मागल्या खोलीत गेले तर पेटी उघडी आणि आत नुसती पाण्याची वाटी.

रखवालदार दारात उभा होता. नजर चुकवत नव्हता, हे त्याचं मी मानते.

"मीच दिला बाई. पोरीला कळा सुरू झाल्यात सकाळपासनं. म्हातारा पायावर डोकं आपटत होता. काय करू? मला बी लेकी हायत."

"आणि जेवू घातलं? तो वायदा?"

"नळीनं अंडं पाजलं. त्यानं डोकं धरलं, मी पाजलं. पोटभर."

पोटभर! मी हातातला साबण भिंतीवर फेकला. इतके दिवस मी ज्या नळीनं त्याला जगवला त्याच नळीनं त्याचं शेवटचं जेवण उरकून, वायद्याचा शब्द न् शब्द पाळून, त्याला मरायला पाठवला होता. मी रखवालदाराला खूप बोलले. बस धरून खुलताबादेला जाऊन त्या बांधावर शोधणार होते, पण बांध कुठला हे कुणाला ठाऊक? त्या डोंगरात बांध काय थोडे आहेत? मी खुर्चीत बसले आणि रडले. सापासाठी रडणारी बाई लोकांनी बघू नये म्हणून दार लावून घेतलं.

दिवाळीनंतर म्हातारा आला. हातात गुळखोबऱ्याची पुडी. दाराबाहेरच चपला काढून त्यानं कान धरले आणि मग तोंडभर हसला.

"मुलगी झाली बाई. जिती हाय. लई रडती, सगळ्या पालाला झोपू देत नाय."

मी पुडी घेतली. खाल्लंसुद्धा. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. आणि त्या आनंदाचा मला संताप आला, कारण म्हातारा माझ्याकडं बघत होता आणि त्याच्या नजरेत होतं, बघा, पाळला की नाही शब्द? रखवालदारही तसाच बघत होता. मी काय सांगणार होते? दवाखान्यात नाव घातलं होतं म्हणून, नर्स चांगली होती म्हणून मूल वाचलं? मी तसं म्हणून बघितलं. दोघांनी माना डोलावल्या, मोठ्या माणसाचं मन राखायला डोलावतात तशा. त्यांच्या दृष्टीनं निकाल लागला होता.

मग थंडी पडली. सापघरात आम्ही पेट्यांना गोणपाटं लावली. सापांची हालचाल मंदावली, खाणं जवळजवळ थांबलं. जीभसुद्धा क्वचित बाहेर यायची. दुपारी ऊन काचेवर आलं की तेवढ्यापुरती.

असल्याच एका दुपारी लेक आली. एकटीच. पोर धडप्यात गुंडाळून छातीशी धरलेलं. मी पोर बघितलं, काजळ मोठं लावलेलं, नाक बापासारखं की कुणासारखं ते मला कळलं नाही, पण गोड होतं. मी चहा मागवला. ती बाकड्यावर बसली, चहा घेईना. पोरीच्या पायाची बोटं चोळत राहिली.

"बाई, एक इचारू? बापाला सांगू नका मी आल्ते म्हून."

"विचार की."

"तो मेला असंल ना आता?"

तिनं ते अशा आवाजात विचारलं की मी हो म्हणावं. तिला हो हवं होतं. पालाच्या बाजूनं कुणी गेलं, रात्री पोर रडलं, दारात काही सळसळलं, प्रत्येक वेळी तिच्या मनात हे येत असणार. मेला असेल तर सुटला, आणि तीही सुटली. मी तोंड उघडलं हो म्हणायलाच. पण मला नाही जमलं. आयुष्यभर लोकांना हेच सांगत आले की सापाबद्दल खोटं बोलू नका. इथं मात्र खरं गिळायला हवं होतं, हे मला आज कळतं, तेव्हा नाही कळलं.

"नाही गं," मी म्हणाले. "नाग लवकर मरत नाही. महिनोन् महिने उपाशी राहतो. थंडीत तर अंग गार पडतं, भूक कमी लागते, म्हणून आणखी टिकतो. आणि आम्ही त्याला चांगला सुधारला होता."

ती माझ्याकडं बघत राहिली. पोरगी जागी झाली होती. डोळे मिटलेलेच, तोंड उघडून मान इकडं-तिकडं फिरवत दूध शोधत होती. आईनं पदर सारला आणि तिला जवळ घेतलं.

"म्हंजे अजून जीभ काढत हिंडत असंल," ती म्हणाली.

ती हमसून हमसून रडायला लागली, तिचं सगळं अंग हलत होतं, आणि पोर पीत राहिलं.